प्रेमाचा वेग फार आहे. नाते न तोडता तो कमी कसा करावा?

मृण्मयी_०९

सुमारे महिन्याभरापूर्वी एका डेटिंग अ‍ॅपवर माझी एका मुलाशी ओळख झाली. माणूस बोलायला चांगला आहे, नोकरीत स्थिरावलेला आहे, आणि त्याच्यासोबतचा वेळ मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगते. मात्र या महिन्यात जे काही घडले त्याचा वेग मला पेलवत नाही, आणि नेमके काय खटकते आहे हे मलाच नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या भेटीतच त्याने सांगितले की माझ्यासारखी व्यक्ती त्याला आयुष्यात भेटली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात त्याने ‘आपले घर’ या नावाचा एक फोल्डर तयार करून त्यात सोफ्यांची आणि पडद्यांची छायाचित्रे टाकली आणि तो मला पाठवला. सकाळी डोळे उघडण्याआधी त्याचा संदेश आलेला असतो, आणि रात्री मी झोपले असे सांगितल्यानंतरही संदेश येत राहतात. माझ्या घड्याळाचा पट्टा तुटल्याचे मी एकदा सहज बोलले होते, तर पुढच्या भेटीत त्याने मला एक महागडे घड्याळच दिले. मला ते घेताना अवघडल्यासारखे झाले, पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून नाही म्हणवेना.

मागच्या आठवड्यात मी जुन्या मैत्रिणींना भेटायला गेले होते. परत येताना फोन पाहिला तर त्याचे बरेच कॉल येऊन गेलेले होते. त्याचे म्हणणे असे की त्याला काळजी वाटली, आणि आता आपण एकमेकांना लाइव्ह लोकेशन दाखवत राहू म्हणजे कोणालाच काळजी करावी लागणार नाही. मी ते सुरू केले, आणि तेव्हापासून माझ्या पोटात एक गोळा आहे.

काम खूप आहे असे सांगून मी एक भेट पुढे ढकलून पाहिली. त्यावर तो माझ्या ऑफिसच्या इमारतीत खाली येऊन बसला आणि म्हणाला, “तू तुझं काम कर, मी इथे थांबतो.” तो खरोखरच दोन तास थांबला. ही माया आहे की दडपण, हे मला कळत नाही. त्याला न दुखावता वेग कमी कसा करायचा, आणि केल्यावर त्याच्या वागण्यातून काय ओळखायचे, हे मला विचारायचे आहे.

कातळकडा

हे सरळसरळ लव्ह बॉम्बिंग आहे आणि असे करणारा माणूस नार्सिसिस्ट, म्हणजे आत्ममग्न असतो. आधी आभाळाला नेऊन बसवायचे आणि माणूस पूर्ण अवलंबून झाला की खाली आपटायचे, हा त्यांचा ठरलेला क्रम असतो. तुम्ही वेग कमी करण्याच्या गोष्टी बोलत बसू नका. आजच ब्लॉक करा. ज्याला थांबायचे असते त्याला सांगावे लागत नाही.

अनुजा_समुपदेशन

मी अनेक वर्षे जोडप्यांबरोबर काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कातळकडा यांनी सांगितलेला क्रम खरा आहे आणि तो मी पाहिलेला आहे. पण एका महिन्याच्या वर्णनावरून कोणाच्या व्यक्तिमत्त्वाचे निदान इथे बसून करता येत नाही, आणि मृण्मयी यांना त्या निदानाची गरजही नाही. त्यांना हवे आहे ते वागणे ओळखण्याचे साधन.

पहिली गोष्ट अशी की संदेशांची किंवा भेटवस्तूंची संख्या मोजून काही हाती लागत नाही. काही माणसे प्रेमात पडली की खरोखरच भरभरून बोलतात, आणि त्यात खोट काहीच नसते. मी समोरच्याला वेगळा प्रश्न विचारते : या प्रेमात तुम्ही किती आहात? तो तुमच्याविषयी जे बोलतो, ते दुसऱ्या कोणाविषयीही जसेच्या तसे बोलता आले असते का? ‘तू एकमेव आहेस’, ‘तू परिपूर्ण आहेस’ ही वाक्ये दुसऱ्या भेटीत येतात तेव्हा ती तुमच्याविषयी असूच शकत नाहीत, कारण त्याला अजून तुमच्याविषयी काही माहीतच नसते. ती त्याच्या मनातल्या चित्राविषयी असतात. मृण्मयी, तुमच्या जवळच्या मैत्रिणीचे नाव त्याला आठवते का? या महिन्यात तुमच्या कामात काय अवघड चालले आहे हे तो सांगू शकेल का? घड्याळाच्या पट्ट्याची गोष्ट त्याने लक्षात ठेवली, ही त्याच्या बाजूने धरायची गोष्ट आहे आणि मी ती तशीच धरते. पण पट्टा तुटला असताना पट्टा न देता घड्याळ देणे यात तुमच्या गरजेपेक्षा देण्याचा प्रसंग मोठा झाला, हेही पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. प्रेम वाढले की तुमचे बाकीचे आयुष्य जसेच्या तसे राहते, की हळूहळू आक्रसत जाते? मैत्रिणींबरोबरची एक संध्याकाळ, आणि तिचा शेवट लोकेशन सुरू करण्यात झाला. तुमच्या पोस्टमध्ये मला सर्वांत जास्त हेच खटकले, फोल्डरपेक्षा आणि घड्याळापेक्षाही. काळजी वाटणे ही भावना आहे, आणि त्या काळजीवरचा उपाय म्हणून दुसऱ्याच्या हालचाली दिसत राहाव्यात अशी व्यवस्था उभी करणे ही कृती आहे. भावनेला समजून घेता येते. म्हणून कृती मान्य करावीच लागते असे नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही नकळत करून पाहिलीच आहे. तुम्ही एका भेटीला ‘आज नको’ म्हणालात. या ‘नको’चे पुढे काय झाले, तेच पाहायचे असते. तुमच्या बाबतीत त्याने तो ‘नको’ नाकारला नाही, पण तो उरूही दिला नाही.

वाटसरू२

मला वाटते तुमचे मनच त्याच्यात नाही आणि म्हणून हे सगळे जड वाटते आहे. ज्याच्यावर प्रेम असते त्याचे संदेश कधी जास्त होत नाहीत. तरीही वेग कमी करायचा असेल तर उपाय सोपा आहे : संदेशाला चार-पाच तास उत्तर देऊ नका, कधी कधी दोन दिवस गप्प राहा. समोरचा आपोआप जमिनीवर येतो.

निशिगंधा

वाटसरू२ यांचा सल्ला मी स्वतः अमलात आणला होता, म्हणून त्यावर लिहिते. काही वर्षांपूर्वी माझ्या आयुष्यात अशीच एक व्यक्ती होती आणि मलाही कोणीतरी हेच सांगितले होते. मी उत्तरे उशिरा द्यायला लागले. परिणाम उलटा झाला. मी गप्प बसले की त्याचे प्रेम दुप्पट होई, आणि मी पुन्हा बोलायला लागले की तो थंड पडे. मग मीच त्याच्यामागे धावू लागले. दोन महिन्यांत आमची अवस्था अशी झाली की कोण कोणाला केव्हा उत्तर देणार याखेरीज नात्यात दुसरे काही उरले नाही. मला मागे वळून असे वाटते की मी वेग कमी केलाच नव्हता. माझ्या मनातली मर्यादा मी त्याला एकदाही शब्दांत सांगितली नव्हती, त्यामुळे त्याने ती पाळली की मोडली हे तपासण्याची सोयच नव्हती.

आणि मनच त्याच्यात नाही, या विधानाशी मी सहमत नाही. मला तो माणूस अतिशय आवडत होता. पहिले काही आठवडे मी इतकी आनंदात होते की झोप येत नसे. तो आनंद खोटा नव्हता, म्हणूनच नंतरची थंडी सोसवेना आणि तीच पहिली ऊब परत मिळावी म्हणून मी काहीही कबूल करत गेले. मी कबूल केलेल्या गोष्टींत माझ्या बहिणीशी बोलणे कमी करणे हीसुद्धा एक गोष्ट होती.

ओंकार_ल

हा धागा वाचून मी अस्वस्थ झालो आहे, कारण वर्णन केलेल्या माणसाच्या बऱ्याच गोष्टी मी करतो. मला कोणी आवडले की मी दिवसभर संदेश पाठवतो. उत्तर आले नाही तर मला वाटते की सगळे संपले. मी पहिल्या महिन्यातच पुढच्या वर्षीच्या योजना बोलू लागतो. कोणाला ताब्यात ठेवावे असे माझ्या मनात कधी आलेले नाही. मला फक्त भीती वाटते. मग मीसुद्धा लव्ह बॉम्बिंग करणारा ठरतो का? सध्या मी जिच्याशी बोलतो आहे तिने अजून तक्रार केलेली नाही, पण आता मला शंका येते की ती बोलत नसेल.

अनुजा_समुपदेशन

ओंकार, तुमचा प्रश्न या धाग्याला सोडून नाही, उलट त्याच्या मध्यावरच आहे.

लव्ह बॉम्बिंग हा शब्द प्रेमसंबंधांतून आलेला नाही. १९७० च्या दशकात युनिफिकेशन चर्च या पंथाच्या संदर्भात तो वापरात आला. नव्याने येणाऱ्या माणसाला सर्वांनी मिळून आपुलकीने इतके वेढायचे की त्याला विचार करायला उसंत मिळू नये, अशी ती पद्धत होती, आणि मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पंथांविषयीच्या लेखनात तिचे वर्णन केले आहे. तिथे हेतू ठरलेला होता. दोन व्यक्तींच्या नात्यात मात्र हेतू नेहमी इतका स्पष्ट नसतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातील अभ्यासकांनी ४८४ तरुण विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन या वागण्याचा अभ्यास केला. त्यात असे वागणे आत्ममग्न प्रवृत्तीशी जोडलेले आढळले, पण त्याचबरोबर नात्यातील असुरक्षिततेशी आणि कमी आत्मसन्मानाशीही जोडलेले आढळले. हे विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले निष्कर्ष आहेत, त्यामुळे त्यावरून एखाद्या माणसाचा निवाडा करता येत नाही. तरी कातळकडा म्हणतात तसा एकच साचा नाही, इतके त्यातून दिसते.

आता तुमच्यापुरते बोलते. भीतीने भरभरून देणाऱ्या माणसाला आणि ताबा मिळवण्यासाठी भरभरून देणाऱ्या माणसाला पहिल्या महिन्यात बाहेरून वेगळे ओळखणे जवळपास अशक्य असते. समोरच्या व्यक्तीवर पडणारा भार दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हे तिच्या फारसे उपयोगाचे नाही. फरक दिसतो तो समोरच्याने ‘थोडे सावकाश’ म्हटल्यावर. भित्रा माणूस हिरमुसतो, एखादा दिवस अस्वस्थ राहतो, कदाचित एकदा चुकतोही, पण त्या अस्वस्थतेची किंमत तो समोरच्याकडून वसूल करत नाही. तुम्ही तिच्या तक्रारीची वाट का पाहता? तिला विचारा, आणि प्रश्न असा विचारा की ‘हो, जास्त होते’ हे उत्तर देणे तिला सोपे जाईल.

मृण्मयी_०९

अनुजाताई, तुमचे प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिले. माझ्या मैत्रिणीचे नाव त्याला आठवत नाही. तो तिला ‘तुझी ती मैत्रीण’ म्हणतो. माझी बदलीसाठीची मुलाखत होती हे त्याला माहीत होते, त्या दिवशी त्याने माझ्या डोळ्यांविषयी भला मोठा संदेश लिहिला, पण मुलाखत कशी झाली हे विचारले नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे.

तरीही मला एक संधी द्यायची आहे. मी असा संदेश लिहिला आहे, तो पाठवू का?

“मला तुझ्याबद्दल खूप आदर आहे आणि प्लीज गैरसमज करून घेऊ नकोस, पण सध्या कामाचा ताण आहे आणि घरीही थोडं टेन्शन आहे, म्हणून आपण जरा कमी भेटूया का? रात्री उशिरा बोलणं, भेटवस्तू, लग्नाचा विषय आणि लोकेशन हे सगळं थोडं बाजूला ठेवूया. तुला चालेल ना? सॉरी.”

अनुजा_समुपदेशन

नको, हा पाठवू नका. का ते सांगते.

तुम्ही कारणे दिली आहेत : काम आणि घर. कारण दिले की समोरचा ते कारण सोडवायला येतो, आणि कामाचे कारण त्याने एकदा दोन तास खाली बसून सोडवलेले आहे. काम संपले की तुमची मर्यादाही संपली, असा त्याचा अर्थ होतो. खरे कारण एकच आहे आणि तेवढेच पुरेसे आहे : तुमचा वेग कमी आहे. त्याच्यावर वाद घालता येत नाही, कारण ती तुमच्याविषयीची गोष्ट आहे.

‘जरा कमी’ आणि ‘थोडं बाजूला’ यांतून काय ठरले हे दोघांनाही कळणार नाही. आठवड्यातून किती वेळा, रात्री किती वाजेपर्यंत, हे ठरलेले असेल तरच ते पाळले गेले का हे पुढे दिसेल. शिवाय तुम्ही एकाच वेळी पाच गोष्टी बदलता आहात. चांगल्या मनाच्या माणसालाही ती नात्याच्या शेवटाची सूचना वाटेल. दोन गोष्टी निवडा. लोकेशनसाठी मात्र त्याची परवानगी मागू नका. फोन तुमचा आहे, लोकेशन तुम्ही बंद करा आणि बंद केल्याचे सांगा. ‘चालेल ना’ आणि ‘सॉरी’ काढून टाका.

संदेश लिहिण्यापेक्षा दिवसाउजेडी, गर्दी असलेल्या ठिकाणी समोरासमोर बोला. भांडणाच्या मध्ये नको, आणि त्याने नुकतेच काही दिलेले असताना नको. साधारण असे म्हणता येईल : “मला तुझ्यासोबत वेळ घालवायला आवडतं आणि पुढेही भेटायचं आहे. माझा वेग तुझ्यापेक्षा कमी आहे. आपण आठवड्यातून दोनदा भेटू, आणि रात्री दहानंतर मी फोन बाजूला ठेवत जाईन. लोकेशन मी बंद केलं आहे, मला ते नको वाटतं.” यापुढे तो काहीही म्हणाला तरी नवे कारण देऊ नका. “हो, तुला वाईट वाटतंय हे मला दिसतंय” एवढे म्हणता येते आणि तरीही ठरलेले तसेच राहते.

सर्वांत अवघड भाग त्यानंतरचा आहे आणि तो तुमच्याकडे आहे. पहिल्या काही दिवसांत संदेश कमी होण्याऐवजी वाढतील. पूर्वी जे मिळत होते ते मिळेनासे झाले की आधी माणूस जोर वाढवतो, हे अगदी साध्या, निरुपद्रवी माणसाच्या बाबतीतही घडते, म्हणून नुसते वाढणे हा पुरावा धरू नका. पण पंधराव्या संदेशाला रात्री साडेअकरा वाजता तुम्ही उत्तर दिलेत, तर दहाचा नियम खरा नसून पंधरा संदेशांचा नियम खरा आहे, हे तुम्ही त्याला शिकवलेत. अधूनमधून मिळणारे फळ मागणाऱ्याला सर्वांत चिवट बनवते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. निशिगंधा यांनी जी थंडी आणि ऊब सांगितली, तिथेही हेच घडत होते, फक्त मागणाऱ्या त्या स्वतः होत्या.

पहिल्या दिवशीच्या प्रतिक्रियेला फार महत्त्व देऊ नका. तीन-चार आठवडे पाहा.

मृण्मयी_०९

मी बोलले. जे झाले ते क्रमाने लिहिते.

तो लगेच म्हणाला, “अर्थातच, तुझ्यासाठी काहीही.” लोकेशनविषयी तो क्षणभर थांबला आणि मग म्हणाला की ठीक आहे. मला खूप हलके वाटले. पहिले दोन-तीन दिवस सगळे ठरल्याप्रमाणे झाले. त्यानंतर एका रात्री दहा वाजून गेल्यावर ‘फक्त शुभरात्री’ असा संदेश आला. दुसऱ्या रात्री तीन-चार आले. तिसऱ्या रात्री एक लांबलचक व्हॉइस नोट आली, ज्यात तो म्हणत होता की मी बदलले आहे आणि पूर्वीची मी त्याला परत हवी आहे. मी रात्री उत्तर दिले नाही. सकाळी लिहिले, “रात्रीचे आता ऐकले. संध्याकाळी आठला बोलू.” संध्याकाळी त्याने फोन उचलला नाही.

मग तो एकदम गप्प झाला. खरे सांगायचे तर त्या शांततेत माझा जीव कासावीस झाला आणि मी बऱ्याच वेळा फोन हातात घेऊन खाली ठेवला. त्यानंतर ऑफिसमध्ये माझ्या टेबलावर मोठा पुष्पगुच्छ आला. सोबतच्या कार्डावर लिहिले होते, “तू दूर गेलीस तरी मी इथेच आहे.” सगळे सहकारी कौतुक करत होते आणि मला मात्र कोपऱ्यात ढकलल्यासारखे वाटत होते.

त्याच दिवशी माझ्या त्याच मैत्रिणीचा फोन आला, जिचे नाव त्याला आठवत नव्हते. त्याने तिला सोशल मीडियावर शोधून संदेश पाठवला होता की मी तणावात आहे का, आणि ती मला समजावू शकेल का.

त्यानंतर आम्ही भेटलो. मी त्याला मैत्रिणीविषयी सरळ विचारले. त्याने माफी मागितली, त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आधीच्या नात्यात त्याला अचानक सोडून दिले गेल्यामुळे तो घाबरतो असे त्याने सांगितले. त्याचे सांगणे मला खरे वाटले. आता पुढे काय करावे, हे मला कळेनासे झाले आहे.

देवदत्त_प

मला या माणसाची बाजूही दिसते. तो घाबरला आहे, त्याने चूक मान्य केली, डोळ्यांत पाणी आले. ओंकार यांच्यासारखाच हा एक असुरक्षित माणूस असेल. एवढ्यावर त्याला सोडून देणे क्रूरपणाचे होईल. एखाद्या समुपदेशकाकडे जायला सांगून पाहावे आणि त्याला वेळ द्यावा.

कातळकडा

पुष्पगुच्छ ऑफिसमध्ये आला, घरी नाही. सगळ्यांच्या देखत. मैत्रिणीला गाठले. याहून आणखी काय पाहायचे आहे? नार्सिसिस्ट हा शब्द मी मागे घेतो, अनुजाताईंचे म्हणणे मला पटले. पण त्यामुळे माझा सल्ला बदलत नाही. तो घाबरून करतो की ठरवून करतो, याचा शोध लावणे मृण्मयी यांचे काम नाही.

अनुजा_समुपदेशन

कातळकडा यांचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. देवदत्त यांच्या दयेशीही माझे भांडण नाही, फक्त ती दया कोणाच्या खर्चाने दाखवायची हे ठरवण्याचा अधिकार मृण्मयी यांचा आहे.

रात्रीचे संदेश आणि व्हॉइस नोट यांना मी फार वजन देणार नाही. तो जोर वाढवण्याचा भाग आहे आणि तुम्ही तो व्यवस्थित पार केलात. फोन न उचलणे आणि त्यानंतरची शांतता मला जास्त खटकते, कारण ती ठरलेल्या वेळी आली आणि तिचा भार तुमच्यावर पडला. मैत्रिणीला गाठणे ही मात्र वेगळ्या जातीची गोष्ट आहे. तुम्ही मर्यादा आखली, ती त्याने तुमच्याशी बोलून बदलण्याचा प्रयत्न न करता तुमच्या माणसांमार्फत बदलण्याचा प्रयत्न केला. इथून पुढे तुमची माणसे त्याच्या बाजूने तुमच्याशी बोलू लागली, तर तुम्हाला स्वतःच्या मर्यादेविषयी बोलायला कोणी उरणार नाही.

माफीविषयी एकच विचारते. त्याने आपल्या भीतीविषयी सांगितले; तुमच्यावर काय गुजरले याविषयी तो काही बोलला का? ‘मला भीती वाटते’ हे वाक्य खरे असूनही पुढचे सगळे लक्ष त्याच्याकडे वळवू शकते. माफीनंतर तो स्वतः काय वेगळे करणार आहे हे त्याने न विचारता सांगितले असेल, तर मी ते जमेला धरीन.

वेग कमी करण्याची ही शांत पद्धत कुठे थांबते तेही सांगते. तुम्हाला त्याची भीती वाटू लागली, तो न सांगता येऊन उभा राहू लागला, किंवा ‘तू गेलीस तर मी जिवाचे बरेवाईट करीन’ असे म्हणू लागला, तर मग मर्यादा समजावत बसू नका. शेवटच्या बाबतीत त्याच्या घरच्यांना किंवा आपत्कालीन मदतीला लगेच कळवा. ती जबाबदारी तुम्ही एकट्याने उचलायची नाही. संदेश पुसू नका, आणि काय चालले आहे हे दोन जवळच्या माणसांना आत्ताच सांगून ठेवा. ऑफिसच्या इमारतीत तो एकदा येऊन बसलेला आहे, म्हणून तिथे खाली बसणाऱ्या सुरक्षारक्षकालाही सांगून ठेवायला हरकत नाही.

ओंकार_ल

मी तिला विचारले. तिने बराच वेळ घेतला आणि मग सांगितले की दुपारी कामाच्या वेळी येणारे संदेश तिला जड जातात आणि पुढच्या वर्षीच्या योजना ऐकून तिला काय उत्तर द्यावे हे सुचत नाही. ऐकताना मला खूप लाज वाटली, आणि लगेच लांबलचक माफी लिहावीशी वाटली. मी ती लिहिली आणि पाठवली नाही. दुपारचे संदेश बंद केले आहेत. दुपारी अजूनही अस्वस्थ व्हायला होते. देवदत्त, तुम्ही मला त्या मुलाच्या जागी ठेवलेत म्हणून लिहितो : मला वाटलेली भीती कितीही खरी असली, तरी तिच्या मैत्रिणीला शोधून काढण्याचा हक्क मला त्यातून मिळाला नसता.

निशिगंधा

मृण्मयी, तुम्ही घड्याळाचे काय केले? माझ्या वेळी सर्वांत जास्त गुंता वस्तूंचा झाला होता. परत केल्या तर भांडण, ठेवल्या तर ‘मी तुला इतके दिले’.

मृण्मयी_०९

घड्याळ अजून माझ्याकडे आहे, खोक्यात तसेच आहे. मी ते पुढच्या भेटीत परत देणार आहे आणि त्याचे कारण सांगणार नाही.

अनुजाताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. माझ्यावर काय गुजरले याविषयी तो बोलला नाही, आणि काय वेगळे करणार हेही त्याने सांगितले नाही. मात्र मीही विचारले नव्हते. मी त्याला एवढेच सांगितले आहे की माझ्या माणसांशी माझ्याविषयी बोलायचे नाही, आणि बाकी ठरलेले तसेच राहील. मैत्रिणीला आणि माझ्या भावाला सगळे सांगितले आहे. भाऊ म्हणाला की आत्ताच संपव. मैत्रीण म्हणते की माझे मला ठरवू दे, फक्त रोज रात्री तिला एक संदेश कर.

गेले काही दिवस रात्रीचे संदेश आलेले नाहीत. यावरून मी अजून काही ठरवलेले नाही. शनिवारी माझा त्याच मैत्रिणीबरोबर दिवसभराचा कार्यक्रम आहे, आणि तो मी त्याला आधी सांगितला आहे. त्या दिवशी माझा फोन पिशवीत राहील.